कललेलं देऊळ कितीनं कललंय?

प्रिय ताई,

दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्हालाही सहावीला कोन शिकवायचे आहेत, म्हणून माझा फसलेला तास आणि त्यानंतर मी केलेले बदल सविस्तर लिहिते.

काशीला मणिकर्णिका घाटाला लागून, शिंदे घाटाच्या बाजूला रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. इतकं खाली बांधलंय की वर्षातला बराच काळ गाभारा गंगेच्या पाण्यात असतो. हे देऊळ सुमारे नऊ अंशांनी कललंय असं सांगतात. पिसाचा मनोरा आज चारेक अंशांनी कललेला आहे. त्या देवळाचा फोटो मी लहान-मोठ्या दोन आकारांत वाटला आणि विचारलं, किती कललंय?

उत्तरं आली ९, ८१, ९९ आणि १७१. शिवाय मोठा फोटो ज्यांच्याकडे होता, त्यांना आपला कोन मोठा वाटत होता.

पहिल्या तीन उत्तरांत मोजणी बरोबरच होती. उभ्या रेषेपासून मोजलं तर ९, जमिनीपासून एका बाजूनं ८१, दुसऱ्या बाजूनं ९९. कुठल्या रेषेपासून मोजायचं, हे प्रश्नातच नव्हतं. १७१ मात्र कोनमापकाची उलटी मोजपट्टी वाचल्यामुळे आलं. देवळाची कड आणि उभी रेषा यांत जेमतेम फट दिसत असताना जवळजवळ सरळ कोन येईलच कसा, हा विचार मुलांनी केला नव्हता.

आता मी कोनमापक शेवटी काढते. आधी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एका टोकाला टाचणीनं जोडून मुलांच्या हातात देते. एक स्थिर ठेवायची, दुसरी फिरवायची. जेवढं फिरली तेवढा कोन. मग तेवढ्याच कोनात आठ आणि वीस सेंटिमीटरच्या पट्ट्या ठेवून कोन गिरवायला लावते आणि कागद एकमेकांवर ठेवून उजेडाला धरायला सांगते. रेषा रेषेवर बसली की भुजेच्या लांबीचा वाद मिटतो.

नंतर दोऱ्याला बटण बांधून ओळंबा करतो. फोटो भिंतीवर असा लावतो की शेजारच्या सरळ इमारतीची कड ओळंब्याशी जुळावी. तसं न केल्यास कॅमेऱ्याचा तिरकेपणा देवळाच्या माथी येतो. काटकोनापेक्षा कमी की जास्त, हे आधी डोळ्यांनी ठरवून वहीत लिहायचं, मगच मोजायचं. पडताळ्यासाठी नऊ अंश कललेली रेषा काढून तिच्यावर तळापासून दहा सेंटिमीटर उंचीचा बिंदू घ्यायचा. तो उभ्या रेषेपासून साधारण १.६ सेंटिमीटर सरकलेला हवा.

एक अडचण उरतेच. देऊळ ज्या बाजूला कललंय त्याच बाजूनं फोटो काढला, तर कल दिसत नाही. तिरकस बाजूनं काढला तर खऱ्याहून कमी दिसतो. म्हणून कलाच्या दिशेशी काटकोनात, अगदी आडव्या बाजूनं काढलेलाच फोटो निवडा.

तुमची,
गणिताची सोबतीण