कळविण्यात येते की

तो जन्मला तोच गळाबंद कोट घालून. “सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकर्ता दि. ३० रोजी कार्यभारातून मुक्त होत आहे. कार्यकाळात लाभलेल्या सहकार्याबद्दल आभार. प्रलंबित बाबींची यादी सोबत जोडली आहे.” चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅच विभाग वर्षानुवर्षं सांभाळलेल्या मॅनेजरचा हा निरोप. वाचणाऱ्याला वाटावं, माणूस जात नाहीये, फोर्कलिफ्ट दुसऱ्या शेडमध्ये हलवताहेत.

स्वभावाने हा निरोप वाईट नव्हता, भित्रा होता. “कळविण्यात येते”च्या आड उभं राहिलं की कोण कळवतंय ते सांगावं लागत नाही. परिपत्रकाला हे शोभतं. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी आदेश टिकायला हवा, म्हणून तिथे माणूस मुद्दामच पुसलेला असतो. निरोपात मात्र त्या माणसाखेरीज दुसरं असतं काय?

मॅनेजरसाहेबांनी तो निरोप मला दाखवला. “जरा बघ रे, फार सरकारी झालंय का?”

कोट उतरवायला पहिल्या बटणापासून सुरुवात केली. “मी ३० तारखेला कंपनी सोडतोय.” एवढ्या वाक्यासाठी साहेबांनी अर्धा कप चहा गार केला. पण “मी” आल्यावर पुढच्या वाक्यांना आपोआप “तुम्ही” हवेसे झाले आणि “सर्व संबंधित” बाहेर पडले.

मग आली “लाभलेल्या सहकार्याची” पाळी. कसलं सहकार्य, असं विचारलं तर साहेब बोलायलाच लागले. पावसाळ्यात आंबोली घाटात ट्रक अडकला होता आणि ई-वे बिलाची मुदत मध्यरात्री संपत होती. ही मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवता येते. ती वेळ टळली आणि गाडी तपासणीत सापडली तर दंड, शिवाय माल अडकतो तो वेगळाच. रात्रपाळीतल्या पोरांनी वाहतूकदाराला झोपेतून उठवून मुदत वाढवून घेतली आणि साहेबांना सकाळी सांगितलं. “मला झोपू दिलंत, हे मी विसरलेलो नाही,” हे साहेब सहज बोलून गेले. मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. “मोलाचे सहकार्य” लिहून जे साधलं नसतं, ते इथे आलं.

एकट्या रात्रपाळीचं कौतुक केलं तर बाकीच्या दोन पाळ्या काय म्हणतील, हा प्रश्न होताच. प्रत्येकाचं नाव घ्यावं तर हजेरीपट होतो, आणि हजेरीपटात एखादं नाव राहिलं की तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. म्हणून प्रत्येक पाळीचा एकेक प्रसंग ठेवला. ज्यांना खास काही सांगायचं होतं त्यांना साहेबांनी वेगळं लिहिलं.

कोट उतरला तसा निरोप जरा सैलावलाच. तिसऱ्या मसुद्यात “आपण सगळे एक कुटुंब आहोत” असं म्हणू लागला. ते वाक्य मी खोडलं. त्याच वर्षी ओव्हरटाइम कापला होता, दोन कंत्राटी पोरं कमी केली होती. कॅन्टीनमध्ये हसले असते लोक. त्याऐवजी साहेबांनी स्वतःहून लिहिलं, “दिवाळीच्या रविवारी पाळी लावली तेव्हा तुम्ही रागावलात. तुमचं बरोबर होतं.” ऊब हवी म्हणून गोड बोलायला लागत नाही, हे माझं मत त्या ओळीने पक्कं केलं.

प्रलंबित बाबींची यादी नव्या मॅनेजरकडे वेगळी गेली, तिचं या मजकुरात काम नव्हतं. लोकांना लागणार होतं तेवढंच ठेवलं: १ तारखेपासून कुणाकडे जायचं ते, आणि साहेबांचा स्वतःचा मोबाइल नंबर, कारण कंपनीचा ईमेल ३० तारखेच्याच संध्याकाळी बंद होणार होता. नव्या नोकरीचा उल्लेख मुद्दाम टाळला. मागे राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नसतो, झाली तर तुलनाच होते. सगळं मिळून मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावलं.

पाठवायची वेळही ठरवावी लागली. आधी सकाळच्या चहाला साहेबांनी तोंडी सांगितलं, कारण नोकरी सोडल्याची बातमी मोबाइलवर वाचायला मिळाली तर शब्द कितीही मऊ असले तरी टोचतात. मग तीन वाजता, पहिली पाळी सुटताना आणि दुसरी येताना, निरोप ग्रुपवर पडला. रात्रपाळी तेव्हा घरी होती, पण आंबोलीचा ट्रक वाचून पहिलं उत्तर तिथूनच आलं: “सर, त्या रात्री तुम्हाला फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत.”

त्याखाली लगेच दुसरं: “सर, जाण्याआधी माझी रजा तेवढी मंजूर करा.”