बाल कोपऱ्याच्या अर्जासोबतचं एक पान

मंडळी, गेला महिनाभर संध्याकाळी मी कुठे गायब असतो असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय. धंतोलीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाने बाल कोपरा सुरू करायला राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे अर्थसहाय्य मागितलंय. १९७२ साली स्थापन झालेली, कोलकात्याची ही केंद्राची संस्था. तिच्या समान निधी योजनेत राज्य सरकारही वाटा घालतं. असमान निधीत पैसा प्रतिष्ठानचाच, आणि बाल कोपरा त्यात बसतो. प्रस्ताव विहित नमुन्यात, इंग्रजी किंवा हिंदीत, चार प्रतींत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. नमुना भरायला दोन दिवस लागले. सोबत जोडायच्या एका पानाच्या निवेदनाला तीन आठवडे!

पहिला मसुदा माझाच. सुरुवातीला वाचनाचं महत्त्व, मग मोबाईलच्या नादी लागलेली पिढी, मग संस्थेचा गौरवशाली इतिहास, शेवटी नम्र विनंती. सचिव काकूंनी वाचला आणि म्हणाल्या, "भाऊ, यातलं आपलं नाव खोडून दुसऱ्या वाचनालयाचं टाकलं तर काही बिघडते काय?" काहीच बिघडत नव्हतं.

मग आम्ही उलट बाजूने बसलो. फाईल उघडणाऱ्याला काय दिसेल? लेखापरीक्षण अहवाल आहे, कार्यकारिणीचा ठराव आहे, दरपत्रकं आहेत. आणि बाल सभासदांच्या रकान्यात आकडा आहे ११. अकरा पोरांसाठी कोपरा काऊन पाहिजे बाप्पा? हा प्रश्न पडणारच, आणि त्याचं उत्तर लिहायला नमुन्यात जागा नाही. निवेदन लिहायचं ते यासाठी, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

उत्तर आमच्या ओट्यावरच बसलेलं होतं. धंतोलीत दवाखान्याला लागून दवाखाना. तिथल्या आया, वॉर्डबॉय, गार्ड यांची ड्युटी रात्री आठला सुटते. त्यांची पोरं शाळेनंतर आमच्याकडे येऊन बसतात. सभासद मात्र होत नाहीत, कारण अनामत भरावी लागते आणि पत्त्याचा पुरावा लागतो. गल्लीतल्या जुन्या घरांची नातवंडं पुण्याला गेली, म्हणून सभासद घटले. वाचणारी पोरं घटली नाहीत. पण हे सांगायला आमच्याकडे कागद कुठे होता? म्हणून एक शंभर पानी वही ठेवली. आलेल्या पोरानं नाव आणि वेळ लिहायची, बस. रोज संध्याकाळी नोंद झाली. सर्वांत कमी ९, सर्वांत जास्त २६, बहुतेक दिवशी सतराच्या आसपास.

मी लिहिलं, "रोज सुमारे पंचवीस मुले". कोषाध्यक्षांनी पेन काढून खोडलं. म्हणाले, "अन् तपासणीला कोणी नऊवाल्या दिवशी आलं तर?" शेवटी तिन्ही आकडे दिले आणि वहीच्या पानांची प्रत जोडली. तो परिच्छेद असा झाला:

"आमचे नोंदणीकृत बाल सभासद ११ आहेत. प्रत्यक्षात दररोज ९ ते २६, बहुतेक दिवशी १७ च्या आसपास मुले संध्याकाळी येतात. परिसरातील रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांची ही मुले अनामत व पत्त्याच्या पुराव्याअभावी सभासद होऊ शकत नाहीत. बाल कोपऱ्यातील पुस्तके त्यांना सभासदत्वाशिवाय तिथेच बसून वाचता येतील."

दुसरा प्रश्न, पैसा खर्च झाल्यावर काय? कपाट येईल, पण सहा ते आठ कोपरा उघडणार कोण? "स्वयंसेवक सांभाळतील" हे वाक्य मी दोनदा लिहिलं, काकूंनी दोनदा काढलं. शेवटी एक निवृत्त शिक्षिका आणि आमचे ग्रंथपाल यांचे वार वाटून दिले, वीजबिल वाचनालयाच्या वर्गणीतून, असं लिहिलं आणि त्याचाही ठराव केला.

गंमत पुढेच. अंदाजपत्रकात एक संगणक होता. तो बाल कोपऱ्यात कशाला, हे निवेदनात एका वाक्यात सांगायला गेलो आणि सांगताच येईना. खरं म्हणजे तो आम्हाला ऑफिससाठी हवा होता. काढला. मग एकूण रक्कम बदलली, म्हणजे नमुन्यातली, ठरावातली आणि निवेदनातलीही. ठराव बदलायला पुन्हा सभा, पुन्हा कोरम, पुन्हा चहा. पण तीन कागदांवर तीन रकमा गेल्या असत्या तर प्रस्ताव त्रुटीसाठी परत येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

हिंदी भाषांतर करताना "उज्ज्वल भविष्य" कुठून तरी परत घुसलं होतं, तेही पकडलं.

मंगळवारी चारही प्रती दिल्या, पोच घेतली. मंजूर होईल की नाही माहीत नाही. वही चालू आहे. काल १९ नावं होती. त्यातलं एक एका पोरानं आपल्या लहान बहिणीचं लिहिलंय. ती दोन वर्षांची आहे आणि त्याच्या मांडीवर झोपलेली होती. कोषाध्यक्ष म्हणतात, ते मोजायचं नाही.