पॉलिसी मोडताना

जुलै 2024मध्ये माझी नोकरी गेली. कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली, दोन महिन्यांचा पगार हातात दिला आणि लॅपटॉप काढून घेतला. त्याच आठवड्यात मोबाईलवर विम्याच्या हप्त्याचा मेसेज आला : 51,125 रुपये.

पॉलिसी माझ्या पहिल्या नोकरीइतकीच जुनी. 2020च्या जुलैमध्ये, कोविडमुळे घरूनच नोकरी सुरू झाली तेव्हा, बाबांचे एक जुने मित्र सांगलीच्या आमच्या घरी पेढे घेऊन आले होते. ते विमा एजंट. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. 'तुझ्या वयात घेतलीस तर स्वस्त पडते' असं म्हणत त्यांनी फॉर्म पुढे केला, बाबांनी पेन दिलं आणि मी सह्या केल्या. वीस वर्षांची एंडोमेंट पॉलिसी, दहा लाखांची विमा रक्कम, वर्षाला पन्नास हजारांचा हप्ता आणि त्यावर जीएसटी. रोज कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाने त्या कागदावरची एकही अट वाचली नाही, हे मला आज लिहितानाही ओशाळं करतं.

चार हप्ते भरले होते. पाचवा भरायला पैसे नव्हते असं नाही; पण ते भरले असते तर शैक्षणिक कर्जाचे पुढचे हप्ते अडले असते. त्या कर्जाचे 2,10,000 रुपये बाकी होते, व्याज 11 टक्के, आणि त्यावर सहअर्जदार म्हणून बाबांची सही.

मी फोन करून बाबांना म्हटलं, "पॉलिसी मोडतो." आपल्याकडे एफडी मोडतात, सोनं मोडतात, लग्नही मोडतं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काकांना काय सांगायचं?"

मी आधी शाखेत फोन केला. तिथल्या बाईंनी पॉलिसी नंबर विचारला आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, "एक लाख मिळतील." चार वर्षांत जीएसटी धरून 2,05,625 रुपये भरले होते. म्हणजे निम्म्याहून जास्त गेले. तो आकडा ऐकून मी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी आईने गोदरेजच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमधून मूळ पॉलिसी काढली, फोटो काढून पाठवले, आणि मी चार वर्षांनी ती पहिल्यांदा वाचली.

एक लाख हा आकडा खोटा नव्हता, अपुरा होता. पारंपरिक पॉलिसीत परत मिळणारी रक्कम दोन पद्धतींनी काढतात आणि त्यातली जास्त असेल ती देतात. पहिली हमी दिलेली सरेंडर व्हॅल्यू. माझ्या पॉलिसीच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या वर्षी मोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के, तिसऱ्या वर्षी 35, चौथ्या ते सातव्या वर्षात 50. जीएसटी यात धरत नाहीत. दोन लाखांचे निम्मे, एक लाख. बाईंनी इथेच थांबून फोन ठेवला होता. पण चार वर्षांत जमा झालेल्या बोनसचंही मूल्य त्यात मिळवायचं असतं. माझा बोनस हजारी 45 प्रमाणे वर्षाला 45,000, चार वर्षांचा 1,80,000. तो पूर्ण मिळत नाही, कारण तो 2040मध्ये द्यायचा आहे. आज मागितला तर तक्त्यातल्या गुणकाने कमी होतो. माझा गुणक 15 टक्के होता, म्हणजे 27,000. एकूण 1,27,000.

दुसरी पद्धत विशेष सरेंडर व्हॅल्यूची. त्यात आधी पेड-अप रक्कम काढतात : वीसपैकी चार हप्ते भरले, म्हणून दहा लाखांचा पाचवा हिस्सा, दोन लाख. त्यात बोनस मिळवला की 3,80,000. त्याला कंपनी त्या वेळी लागू असलेला गुणक लावते. हा गुणक पॉलिसीच्या कागदावर छापलेला नसतो, तो विचारावा लागतो. आणि मी तो तोंडी विचारायचं थांबवलं.

पत्र मी मराठीतच लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'पॉलिसी रद्द करावी' असं होतं. काकूंचा भाचा विमा कंपनीत आहे, त्याने ते खोडायला लावलं. 'रद्द' म्हटलं की शाखेत फ्री-लुकचा अर्ज समजतात आणि ती मुदत संपली म्हणून परत पाठवतात. फ्री-लुक म्हणजे पॉलिसी हातात आल्यापासून ठरावीक दिवसांत ती परत करायची सोय. तेव्हा जवळपास सगळा हप्ता मिळतो. माझी ती वेळ चार वर्षांपूर्वी गेली होती. त्यामुळे शब्द 'सरेंडर' हवा. मराठी फॉर्मवर त्याला 'समर्पण' म्हणतात. पन्नास टक्के सोडून देणाऱ्या व्यवहाराला इतका भक्तिरसपूर्ण शब्द कोणी शोधला असेल, कोण जाणे.

पत्र असं होतं :

"माझी वरील क्रमांकाची पॉलिसी मला सरेंडर करायची आहे. कृपया आजच्या तारखेचं सरेंडर कोटेशन लेखी द्यावं. त्यात हमी दिलेली सरेंडर व्हॅल्यू, बोनसवर लावलेला गुणक, विशेष सरेंडर व्हॅल्यू आणि तिचा गुणक, तसंच थकीत कर्ज किंवा इतर कपात असल्यास ती, वेगवेगळी दाखवावी. हे पत्र केवळ माहिती मागण्यासाठी आहे. आकडे पाहून सरेंडरचा अर्ज स्वतंत्रपणे देईन."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. एकदा सरेंडर झाली की पॉलिसी परत सुरू होत नाही. दोन प्रती काढल्या, सांगलीला गेलो आणि एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतली. शिक्का मारायला काउंटरवरचा माणूस नाखूश होता. "मेल करा ना," म्हणाला. मेलही केला होता, पण मला कागद हवा होता. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाऊन महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जाता येतं, आणि तेव्हा तारखेचा पुरावा लागतो. ती वेळ आली नाही. पाचव्या दिवशी कोटेशन आलं : हमीची 1,27,000, विशेष 35 टक्के गुणकाने 1,33,000. देय रक्कम 1,33,000. फोनवरच्या आकड्यापेक्षा 33 हजार जास्त.

दरम्यान मावसभावाने बातमी पाठवली, 'सरेंडरचे नवे नियम, आता जास्त पैसे मिळणार, ऑक्टोबरपर्यंत थांब.' नियामकाने जून 2024मध्ये परिपत्रक काढलं होतं हे खरं. एक वर्षाचा हप्ता भरल्यावरही विशेष सरेंडर व्हॅल्यू द्यायची आणि ती ठरावीक व्याजदराने काढलेल्या आजच्या मूल्यापेक्षा कमी ठेवायची नाही, असं त्यात आहे. पण ते नव्या विकल्या जाणाऱ्या पॉलिसींना. माझी 2020च्या अटींवरची. थांबून काही वाढणार नव्हतं.

आता मात्र मला एक नको असलेली गोष्ट दिसली. मोडायची हे मी रागाने ठरवलं होतं : 'या पॉलिसीवर साडेपाच टक्के परतावा, मूर्खपणा.' पण ते गणित 2020चं होतं. आज प्रश्न वेगळा होता. हातात येणारे 1,33,000 सोडले, पुढची 16 वर्षं 50,000 भरले आणि बोनस असाच राहून 2040मध्ये 19 लाख मिळाले, तर पुढचा परतावा किती?

```
=RATE(16,-50000,-133000,1900000,1)
```

उत्तर सात टक्क्यांच्या आसपास, जीएसटी न धरता. हप्ते बंद करून पॉलिसी पेड-अप ठेवली, तरी 2040मध्ये 3,80,000, म्हणजे आजच्या 1,33,000वर पावणेसात टक्के. कारण नुकसान सुरुवातीच्या वर्षांत, कमिशन आणि खर्चात, होऊन गेलेलं असतं. ते मोडल्याने परत येत नाही. पीपीएफच्या तेव्हाच्या 7.1 टक्क्यांशी तुलना केली तर मोडण्यात फारसा अर्थ नव्हता. माझं कर्ज 11 टक्क्यांचं नसतं तर मी ती पेड-अप करून विसरून गेलो असतो. 11 टक्के देत असताना सात टक्के कमवत बसण्यात अर्थ नव्हता, एवढंच.

करांचीही भीती निघाली. दोन वर्षांपेक्षा जास्त हप्ते भरलेले असल्याने आधी घेतलेली 80सीची सवलत उलटत नव्हती, आणि हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत असल्याने मिळालेल्या रकमेवर कर नव्हता.

बाबा म्हणाले, मोडतोच आहेस तर आरोग्य विमाही मोड, त्याचेही उरलेल्या महिन्यांचे पैसे येतील. येतात, हे खरं. वर्षाची पॉलिसी असेल आणि त्या वर्षात क्लेम नसेल, तर सात दिवसांची लेखी सूचना देऊन उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मागता येतो. तिथे गुणक नाही, बोनस नाही, दिवस मोजायचे. पण कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर गेला होता आणि उरला होता तो एवढाच. तो ठेवला. जीवन विम्याचं कवच मात्र गेलंच. स्वस्त टर्म पॉलिसी घ्यायला गेलो, तर त्यांनी उत्पन्नाचा पुरावा मागितला. सॅलरी स्लिप नसलेल्या माणसाला एक कोटीचा विमा कोण देणार? हे आधी करायला हवं होतं, नोकरी असताना. डिसेंबरमध्ये नवी नोकरी लागेपर्यंत मी विम्याशिवाय होतो.

सरेंडरचा अर्ज द्यायच्या आदल्या संध्याकाळी काका घरी आले. बाबांनीच बोलावलं होतं. मी कोटेशन पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे नीट वाचले.

"हे दोन्ही वेगवेगळे लिहून मागितलेस?"

"हो काका."

"माझ्याकडे कोणी मागत नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मीही सांगत नाही."

आईने चहा आणला. काकांनी डिस्चार्ज फॉर्म स्वतःकडे ओढला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, तो माझ्याकडे नव्हता. त्यांनी पाकिटातून काढून दिला. मूळ पॉलिसी देताना पोच घे, रद्द केलेल्या चेकवर नाव छापलेलं असू दे, नाहीतर पासबुकाची प्रत जोड, हे त्यांनीच सांगितलं.

पैसे नऊ दिवसांनी आले. त्याच दिवशी ते कर्जात भरले. बाकी राहिले 77,000.