एका डायोडचे दोन आकडे

डायोडच्या प्रॅक्टिकलला आमच्या टेबलावर १एन४००७ हा सिलिकॉन डायोड, त्याच्याशी एकसर जोडलेला ४७० ओहमचा रेझिस्टर आणि व्होल्टेज बदलता येणारा पॉवर सप्लाय होता. व्होल्टमीटर फक्त डायोडच्या दोन टोकांना लावला, रेझिस्टर त्यात घेतला नाही.

व्होल्टेज ०.१ च्या टप्प्याने वाढवायची सगळ्यांची सवय. मॅडम म्हणाल्या, "०.५ व्होल्टनंतर व्होल्टेजकडे बघू नका, करंट ठरवा आणि व्होल्टेज वाचा." त्याचं कारण लगेच दिसलं. ०.४ व्होल्टपर्यंत मिलिअँमीटरचा काटा जवळजवळ हललाच नाही. मग १ मिलिअँपिअरला ०.५७ व्होल्ट, ५ ला ०.६५, १० ला ०.६८ आणि २० ला ०.७१ व्होल्ट मिळाले. ०.१ च्या टप्प्याने गेलो असतो तर ज्या भागात वक्र वळतो तिथे जेमतेम एक-दोन बिंदू पडले असते.

ग्राफवर वक्र आधी आडवा सरकतो, मग वळून जवळजवळ उभा होतो. हे वळण म्हणजे नी. थ्रेशोल्ड व्होल्टेज काढायला वरच्या सरळ भागाला पट्टी लावून रेषा खाली व्होल्टेजच्या अक्षापर्यंत वाढवायची. आमची रेषा ०.६५ व्होल्टच्या आसपास टेकली. शेजारच्या टेबलावर तोच डायोड घेऊन गेलेल्या मैत्रिणीचं उत्तर मात्र ०.५ आलं! तिने करंटचा अक्ष फक्त १ मिलिअँपिअरपर्यंत घेतला होता.

दोघींची रीडिंग तपासली, तर सारख्या व्होल्टेजला सारखाच करंट. म्हणजे जोडणीत दोष नव्हता. डायोडचा करंट घातांकी वाढतो. आमच्या डायोडला व्होल्टेज साधारण ०.११ ने वाढलं की करंट दसपट व्हायचा, आणि तो दसपट होण्याचा वेग ०.४ व्होल्टलाही तोच होता, ०.७ लाही. मग नी कुठे दिसते, हे करंटच्या अक्षाची कमाल किंमत ठरवते. मॅडमनी तीच रीडिंग सेमी-लॉग कागदावर मांडायला लावली. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसले आणि वळण नाहीसं झालं. मला हा भाग सगळ्या प्रॅक्टिकलमध्ये सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ०.७ व्होल्टला एखादं दार उघडतं असं मनात बसलेलं चित्र तो पुसून टाकतो.

तरी ०.६५ हा आकडा निरुपयोगी नाही. रेक्टिफायरमध्ये काही मिलिअँपिअर वाहत असताना डायोडवर किती व्होल्ट जातील, याचा अंदाज त्यावरूनच येतो. डायोड तापला तर तेवढ्याच करंटला व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं.

म्हणून जर्नलमध्ये नुसतं "थ्रेशोल्ड व्होल्टेज ०.६५" असं लिहू नका. रेषा १० ते २० मिलिअँपिअरच्या भागाला लावली होती, हेही शेजारी लिहा.