जुना बगॅस आणि संध्याकाळचा ताप

एमबीबीएसला असताना ‘जोड्या लावा’ हा हमखास मार्क देणारा प्रश्न होता. दगडाची धूळ – सिलिकोसिस, कापूस – बिसिनोसिस, उसाचा बगॅस – बगॅसोसिस. पाठ करून लिहिलं की झालं. प्रत्यक्ष दवाखान्यात पेशंट फक्त “खोकला आहे” एवढंच सांगतो. धुळीचं नाव आपल्याला विचारून काढावं लागतं.

माळेगाव बुद्रुक हे साखर कारखान्याचं गाव. या भागातला चाळिशीचा एक कामगार माझ्याकडे आला. संध्याकाळी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छाती जड. दोन वेळा न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक झालं होतं. दोन्ही वेळा तीन दिवसांत बरं वाटलं आणि कामावर गेल्यावर पुन्हा तेच. गुण गोळ्यांना गेला, पण खरं तर ते तीन दिवस तो घरी होता.

काम काय, विचारलं तर “कारखान्यात”. आणखी खोदल्यावर कळलं की तो गाळपावर नव्हताच. गेल्या हंगामातला साठवलेला बगॅस गाड्यांत भरायचा.

इथेच सगळी मेख आहे. गाळपातून निघालेल्या ताज्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं, त्याची धूळ फारशी उडत नाही. ढिगात तो आतून तापतो आणि उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव त्यात फोफावतात. पुढे वाळलेला ढीग उकरला की त्यांचे बीजाणू थेट फुप्फुसात जातात. त्रास तंतूंपेक्षा या बीजाणूंच्या ॲलर्जीचा असतो. म्हणून काटेकोर बोलायचं तर परीक्षेतली ती जोडी सिलिकोसिसच्या रांगेत बसत नाही. सिलिकोसिसला बहुधा वर्षानुवर्षं लागतात, इथे धूळ लागल्यावर चार ते आठ तासांत ताप येतो. म्हणूनच सकाळच्या पाळीचा माणूस संध्याकाळी आजारी पडतो. कापसाच्या धुळीचा त्रास सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त जाणवतो, ती तऱ्हा आणखी वेगळी.

टीबी नाही याची खात्री करण्यासाठी थुंकी तपासली. एक्स-रे जवळपास स्वच्छ होता, पण सुरुवातीला तो तसा असू शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नये. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत बारीक धूसर ठिपके दिसले. त्याला काम बदलायला सांगितलं, कारण खरा उपचार तोच. स्टेरॉइड सूज कमी करतं, पण धूळ चालूच राहिली तर फुप्फुस हळूहळू कडक होतं आणि ते मग मऊ होत नाही. “रुमाल बांधतो की डॉक्टर,” तो म्हणाला. रुमालातून बीजाणू सहज जातात. एन-९५ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला तर उपयोगी, पण एकदा ॲलर्जी झालेल्याने त्यावर विसंबू नये. ढिगातला ओलावा वीस टक्क्यांवर ठेवणं आणि दोन टक्के प्रोपिऑनिक ॲसिड फवारणं हे उपाय पुस्तकात आहेत. ते कामगाराच्या हातातले नाहीत, मालकाच्या हातातले आहेत.

त्याला आता वॉचमनचं काम मिळालंय, पगार थोडा कमी. संध्याकाळचा ताप थांबला आहे. जिना चढताना अजून थोडी धाप लागते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा फुंकण्याची तपासणी करायची आहे.