हँडशेक झाला, प्रिंटर मुका

घरून ऑफिसातल्या प्रिंटरवर पान छापायचं होतं. वायरगार्डचा व्हीपीएन जोडला, `wg show` लिहिलं. निम्मी शब्दावली याच ओळींत सापडते.

```
endpoint: 203.0.113.7:51820
allowed ips: 10.8.0.0/24, 192.168.1.0/24
latest handshake: 42 seconds ago
```

पीअर : पलीकडचा जोडीदार. वायरगार्डमध्ये मालक-गिऱ्हाईक असा भेद नाही. दोन्ही टोकं पीअर आणि प्रत्येकाची ओळख म्हणजे त्याची सार्वजनिक किल्ली.

एंडपॉइंट : त्या जोडीदाराला इंटरनेटवर गाठायचा पत्ता आणि पोर्ट. किल्ली म्हणजे माणूस, एंडपॉइंट म्हणजे तो सध्या राहतो ती खोली. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की खोली बदलते, माणूस तोच.

हँडशेक : एकमेकांची किल्ली पारखून पुढच्या बोलण्यासाठी नवं गुपित ठरवणं. बोलणं चालू असेल तर साधारण दर दोन मिनिटांनी पुन्हा होतो. किल्ली चुकली तर वायरगार्ड तक्रार करत नाही, उत्तरच देत नाही. मग `latest handshake` ही ओळ दिसतच नाही. माझ्याकडे ती होती, म्हणजे बोगदा शाबूत. तरी प्रिंटर गप्प!

सबनेट : पत्त्यांची गल्ली. शेवटी /24 असेल तर पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे, वेगळा फक्त चौथा. इथेच घोटाळा होता. ऑफिसची गल्ली 192.168.1.0/24 आणि माझ्या घरचीही तीच. बऱ्याच राउटरना कारखान्यातूनच ही गल्ली मिळते. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं तर ऑफिसचा नाही, घरच्याच राउटरचा लॉगिन उघडला. लॅपटॉप प्रिंटरलाही घरातच शोधत होता. घरच्या राउटरची गल्ली बदलून 192.168.37.0/24 केली. (घरातला टीव्ही मग थोडा वेळ रुसला.)

तरीही पान निघेना.

गेटवे : गल्लीबाहेर जायचं दार. माझ्या लॅपटॉपचा बोगद्यातला पत्ता 10.8.0.2. प्रिंटरला ही गल्ली ठाऊक नाही, म्हणून उत्तर तो आपल्या गेटवेकडे, म्हणजे ऑफिसच्या राउटरकडे देतो. पण आमचा वायरगार्ड राउटरवर नाही, कोपऱ्यातल्या वेगळ्या छोट्या संगणकावर चालतो. राउटरला 10.8.0.0/24 कुठे आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून उत्तर तिथेच हरवायचं. जायची वाट होती, परतीची नव्हती. नवशिक्यांना हे फार उशिरा सुचतं, मलाही सुचलं.

ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन करून राउटरमध्ये एक स्टॅटिक रूट घालायला सांगितला : 10.8.0.0/24 साठी जायचं 192.168.1.20 कडे, म्हणजे त्या छोट्या संगणकाकडे. त्याने सेव्ह केलं, मी पुन्हा प्रिंट दाबलं. पलीकडून त्याचाच आवाज आला, "अहो, इथे चार पानं निघाली. सगळी एकच आहेत."