तंबाखूचा तास : आठवीच्या वर्गातले चार गैरसमज

दर वर्षी ३१ मेला जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो आणि त्या वेळी आपल्या शाळांना सुट्टी असते. त्यामुळे आमच्याकडे हा कार्यक्रम जुलै-ऑगस्टमध्ये कधीतरी होतो. डॉक्टरांना बोलावायचं, भाषण, शपथ, चहा. गेली काही वर्षं मी भाषणाऐवजी आठवी-नववीच्या एका वर्गाचे सलग दोन तास मागून घेतो. सडलेल्या जबड्यांचे फोटोही नेत नाही. ते पाहून मुलं डोळे मिटतात किंवा हसतात, आणि 'हे म्हाताऱ्यांना होतं' असं ठरवून मोकळी होतात. त्याऐवजी मुलांच्या तोंडून जे नेहमी ऐकू येतं तेच फळ्यावर लिहितो आणि ते खरं की खोटं, हे त्यांनाच तपासायला लावतो. अनेक शिक्षक-पालक या तासाबद्दल विचारतात, म्हणून तो इथे सविस्तर लिहितो आहे.

पहिलं वाक्य : 'सगळेच खातात.' प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यायची, त्यावर नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच : तुमच्या वयाच्या शंभर मुलामुलींपैकी कितीजणांनी गेल्या महिन्याभरात कोणत्याही प्रकारे तंबाखू घेतली असेल? 'तू घेतोस का' हे मात्र विचारायचं नाही. मागच्या खेपेला वर्गात ४६ मुलं होती. चिठ्ठ्यांवर बहुतेक आकडे तीस ते सत्तरच्या मधले होते आणि एकाने तर ९५ लिहिलं होतं. मग मी फळ्यावर खरा आकडा लिहिला. २०१९ साली देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली, त्यात हे प्रमाण साडेआठ टक्के निघालं. म्हणजे शंभरातले आठ-नऊ. वर्ग गप्प झाला. या वयातलं मूल तंबाखूकडे वळतं ते बऱ्याचदा आपण एकटेच मागे पडलो असं वाटून, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

दुसरं वाक्य हमखास येतं : 'माझे आजोबा पंच्याऐंशी वर्षांचे आहेत, रोज विडी ओढतात, त्यांना काही झालं नाही.' आजोबांना खोटं पाडायचं नाही, ते खरंच ठणठणीत असतात. मी सगळ्यांना उभं करतो आणि एकेक रुपया उडवायला सांगतो. छापा आला तर उभं राहायचं, काटा आला तर खाली बसायचं. विडी-सिगारेट वर्षानुवर्षे ओढून कधीच न सोडणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे त्यामुळेच दगावतात, म्हणून नाण्याचा खेळ. त्या दिवशी २४ जण खाली बसले. मग उभ्या असलेल्यांना विचारलं, "विडीने काही होतं का हो?" एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, पण तुम्ही फक्त उभे आहेत त्यांनाच विचारताय." यापुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. पारावर बसलेले आजोबा आपल्याला दिसतात. त्यांच्याबरोबर विडी ओढणारे आणि पन्नाशीत गेलेले मित्र पारावर दिसत नाहीत.

तिसरं वाक्य, 'चुना लावला की तंबाखू बाधत नाही', माझं आवडतं, कारण त्यात शाळेतलं विज्ञान कामाला येतं. हळद पाण्यात कालवून गाळण्याच्या कागदाला लावायची आणि तो वाळवून पट्ट्या कापायच्या. मुलांच्या हातात फक्त साबणाचं पाणी द्यायचं. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून तो शिक्षकांनीच काडीच्या टोकावर घ्यायचा. दोन्हीने पिवळी पट्टी लालसर होते. मुलींपैकी कोणीतरी "हळदीच्या डागाला साबण लावला की असंच होतं" म्हणतेच, आणि कुणाच्या आजीला हळद-चुन्याचं कुंकूही माहीत असतं. लाल रंग म्हणजे पदार्थ अल्कधर्मी. आता तंबाखूकडे वळायचं. निकोटिन आम्लधर्मी वातावरणात तोंडाच्या अस्तरातून सहज शिरत नाही, अल्कधर्मी वातावरणात मात्र भराभर शिरतं. म्हणजे चुना तंबाखू सौम्य करत नाही, उलट तिची तलफ वेगाने रक्तात पोहोचवतो. तळहातावर मळताना चुना घालायची पद्धत ज्या कोणी काढली, त्याला रसायनशास्त्र माहीत नसेल, पण परिणाम नक्की कळला असणार. वर्गात खरी तंबाखू मात्र आणायची नाही, नमुन्यापुरतीसुद्धा.

चौथं वाक्य सर्वात महत्त्वाचं : 'ही तर सुपारी आहे, तंबाखू नाही.' गोड सुपारीची पुडी मुलांच्या दप्तरात सापडते आणि घरच्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. पण सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू घट्ट, पांढुरकं, चामड्यासारखं होतं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. पुढे यातल्या काहींना कॅन्सर होतो.

याची तपासणी सोपी आहे. हात धुऊन आपलीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र धरायची आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी घालून पाहायची. सहसा तिन्ही बोटं मावतात. हे सगळ्यांनी एकाच वेळी, भिंतीकडे तोंड करून करायचं आणि निकाल कुणी कुणाला सांगायचा नाही. एखाद्याची बोटं मावली नाहीत आणि शेजारच्याने ते पाहिलं, तर तो मुलगा पुन्हा तोंड उघडणार नाही, दोन्ही अर्थांनी. दाढदुखीनं किंवा जबड्याच्या सांध्याच्या त्रासानंही तोंड कमी उघडतं, म्हणून ही चाचणी म्हणजे निदान नव्हे.

एका शाळेत तास संपल्यावर एक चौदा वर्षांचा मुलगा जिन्यात थांबला होता. त्याची दोनच बोटं जात होती. दोन वर्षं रोज तीन-चार पुड्या, आणि अलीकडे मिसळ खाता येत नाही म्हणाला. गालाच्या आतून बोट फिरवलं तेव्हा दोरीसारखे पट्टे लागले. त्याला आईसह तोंडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सुपारी थांबली तर आजार पुढे सरकण्याचं प्रमाण कमी होतं आणि जळजळ उतरते. तयार झालेले पट्टे मात्र पूर्णपणे विरघळत नाहीत, त्याला तोंडाचे व्यायाम आणि वर्षानुवर्षे तपासणी लागते. हे मी त्या दोघांनाही स्पष्ट सांगितलं.

एक काळजी शिक्षकांनी घ्यावी. वर्गातल्या कितीतरी मुलांची आई किंवा आजी मशेरी लावते. 'तंबाखू खाणारी माणसं वाईट' असा सूर लागला की ही मुलं ऐकणं बंद करतात. म्हणून मी शेवटी एक डबा फिरवतो, त्यात बिननावाचा प्रश्न टाकायचा. मागच्या खेपेला एका चिठ्ठीत होतं, 'आईची मशेरी कशी सोडवायची? डबी लपवली तर ती रागावते.'

उत्तर मी सगळ्या वर्गालाच दिलं. डबी लपवू नकोस. आई दिवसातून किती वेळा लावते, तेवढं आधी तिच्याच तोंडून मोजून घे. दात घासायला पेस्ट आण, म्हणजे 'दातांसाठी लावते' हे कारण उरणार नाही. सोडल्यावर पहिले काही दिवस ती चिडेल, डोकं दुखेल, पोट साफ होत नाही म्हणेल. ते तलफेमुळे असतं आणि बहुधा दोन-चार आठवड्यांत ओसरतं. तेवढे दिवस घरात कुणी टोमणा मारायचा नाही. आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन नंबर आहे. तो वहीत लिहून घे, पण फोन आईला स्वतःला करू दे.